वसंताची कळ

वसंताशी भांडायचं तर सकाळी पोटभर खाऊन यावं लागायचं. उपाशीपोटी तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. देवराज मोहल्ल्यात मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं ब्लाउजचं दुकान, एका भिंतीला तिची मशीन, समोरच्या भिंतीला माझी. आयुष्य गेलं आमचं एकमेकींच्या तोंडाकडे बघत. गिऱ्हाईक कन्नडमधून वाद घाली, वसंता कन्नडमधूनच त्याला गप्प करी आणि मान वळवून मला मराठीत सांगे, "सुमित्रे, हिचा गळा मागून सॉल्प, थोडा खोल कर, अक्कल आत शिरायला जागा पाहिजे." मी हसू दाबायची आणि टाके वाकडे जायचे. मग त्यावरून परत बोलणी.

आमची मराठी म्हणजे निम्मी कन्नड. आमचे पूर्वज कधी इकडे आले ते देवाला ठाऊक. विठोबा तेवढा सोबत आणला, बाकी सगळं इथलंच झालं. पण वसंताचा एक हट्ट होता. वाक्य कसंही होऊ दे, अक्षर शुद्ध पाहिजे. तिची नात अनुषा इंग्रजी शाळेत जाते, ती "आजी, पानी दे" म्हणाली की वसंता तांब्या हातात धरून बसायची. "पानी नव्हे, पाणी. जीभ वर लाव. लाव की." पोरगी तीन-चारदा जीभ वर लावायची तेव्हा कुठे घोटभर मिळायचं. मी म्हणायची, "अगं वसंते, तहानेनं मरेल ती." तर म्हणे, "मरत नाही. णकारानं कुणी मेलेलं नाही."

देवळात भजनाला ती बसली की पेटीवाल्याला पट्टी वर चढवावी लागायची. आवाज कसला, रस्त्यावरची बस थांबेल असा. नवरा गेला तेव्हाही रडली नाही, त्या एकादशीला जाऊन भजन म्हणाली. बायका कुजबुजल्या. मी त्यांना सांगितलं, ती रडतेच आहे, तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच.

तर असल्या बाईचा आवाज गेला. मशीनवर बसल्या बसल्या उजवीकडे कलंडली. मी धरलं तेव्हा तोंडातून नुसता फेस आणि घरघर. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलणं पार गेलं. डोकं मात्र जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे आत आहेत, जीभ आणि घसा त्यांना बाहेर आणत नाहीत. मला वाटलं, देवा, हिचं एवढंच तर होतं. दुसरं काहीही न्यायचं होतंस.

तिचा मुलगा शशांक. हूटगळ्ळीला एका कंपनीत कंप्युटरचं काम करतो, तिथंच नवीन घर बांधलंय. आईला तो तिकडे घेऊन गेला. पोरगं चांगलं आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे मला त्याचा राग येणार आहे आणि ऐकणाऱ्यालाही येईल. सकाळी आईचं अंग पुसून, तिला न्याहारी भरवून मग ऑफिसला जायचा. त्याची बायको नव्या, तीही सोशिक. मी दर दोन-तीन दिवसांनी दुकान लवकर बंद करून बस पकडून जायची.

वाचा शिकवणाऱ्या कीर्तनामॅडम म्हणून एक मुलगी हॉस्पिटलात होती. तिनं सांगितलं, यांना लिहू द्या, लिहिलेलं कंप्युटर मोठ्यानं वाचेल. फोनवर जमेना, डावं बोट थरथरायचं, एकाच्या जागी चार अक्षरं उमटायची. मग शशांकनं लॅपटॉपला मोठ्या बटणांचा कीबोर्ड जोडला आणि मराठीचं टायपिंग घालून दिलं. इंग्रजी अक्षरं दाबायची, पडद्यावर मराठी उमटतं. छोटा एन दाबला की न, मोठा एन दाबला की ण. छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. डी म्हणजे द, मोठा डी ड. एल म्हणजे ल, मोठा एल ळ. वसंताला इंग्रजी अक्षरं येत होती, मापाच्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं तीच लिहायची. पटकन शिकली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, म्हणजे त्या डब्यानं म्हटलं, कुठल्याशा परक्या बाईच्या आवाजात: "सुमित्रा, जाडी झालीस." मी इतकी रडले की नव्या आतून पाण्याचा पेला घेऊन आली.

आता मोठं अक्षर काढायचं तर माणसं एका हातानं शिफ्ट दाबून धरतात आणि दुसऱ्या हातानं अक्षर दाबतात. हिचा हात एकच, तोही थरथरता. शिफ्ट इकडे आणि एल तिकडे, एक पंजा पुरणार कसा? तेव्हा ती कॅप्स लॉक लावायची, ते एक अक्षर दाबायची, परत कॅप्स लॉक काढायची. हे तिचं तिनंच शोधून काढलेलं. कुणी शिकवलं नव्हतं, आणि म्हणून कुणाला माहीतही नव्हतं. मलासुद्धा तेव्हा नाही कळलं, मी आपली पडद्याकडे बघायची.

कधी कधी ते बटण काढायचं राहून जायचं. मग पुढचं सगळं मोठ्या अक्षरात, न चा ण, क चा ख, अ चा आ. एकदा तिला म्हणायचं होतं "पाणी नको". ण पर्यंत बरोबर आलं, बटण तसंच राहिलं, आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "पाणी णाखो." अनुषा हसून हसून लोळली. दिवसभर घरात णाखो, णाखो. वसंताही पहिल्यांदा हसली, तोंडाच्या एका बाजूनं. पण रोज कोण हसेल? पाहुणे आले की ती हात लावेनाशी झाली. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याचे उच्चार सुधारले, तिनं पाहुण्यांपुढे "णाखो" म्हणायचं.

शशांकनं ते पाहिलं. त्याला वाटलं, आईचं बोट चुकून कॅप्स लॉकवर पडतं. ए च्या शेजारीच तर ते बटण असतं, धडधाकट माणसाचंही पडतं. कंप्युटरमध्ये सोय असते म्हणे, ती त्यानं लावून दिली: कॅप्स लॉक लागलं की उंच सूर वाजतो, सुटलं की खालचा. "आई, उंच वाजलं की समज मोठी अक्षरं लागलीत. परत दाब, खालचं वाजेल, की झालं."

त्या दिवसापासून वसंताची चूक होईना. खरं सांगते, तिच्या बोलण्याचे ते सगळ्यात चांगले दिवस. वर सूर, अक्षर, खाली सूर, पुढे. पेटीवर बोट फिरवावं तशी ती त्या सुरांवर चालायची, मान हलवत. सकाळी उठली की पहिल्यांदा विठ्ठलाचं नाव लिहायची, त्या एका नावात कितीदा वर आणि कितीदा खाली. मग डबा म्हणायचा, "विठ्ठल." मग चहा. मला तिनं सगळं सांगितलं त्या दिवसांत. खांद्यात कळ येते. नव्याचा स्वयंपाक अळणी, पण तिला सांगू नकोस. दुकानात माझ्या मशीनवर कुणाला बसवू नकोस.

पण घरात दिवसभर टुंई, टुंई. शशांक घरून काम करायचा तेव्हा मीटिंगमध्ये ऐकू जायचं. नव्याचं डोकं उठायचं. आणि शशांकला वेगळंच दिसत होतं. आईचं बोट केवढ्या वेळा चुकतंय. एका वाक्यात आठ-आठ वेळा. बिचारीला सारखं निस्तरावं लागतंय. त्याचा जीव तुटला. एका रविवारी त्यानं एक छोटा प्रोग्रॅम घातला आणि ते बटणच मारून टाकलं. दाबलं तरी काही होणार नाही, सूर नाही, मोठी अक्षरं नाहीत. "आई, आता चूक होणारच नाही," म्हणाला. किती मायेनं म्हणाला असेल, मला आजही कल्पना येते. मायेनं केलेल्या गोष्टीला तपासायला कुणी जात नाही, तेच नडतं.

पुढच्या वेळी मी गेले तर घर शांत. नव्या म्हणाली, "मावशी, बघा किती छान झालं. यांनी ते बटण बंद केलं." मीही म्हटलं, बरं झालं बाई.

वसंता माझ्याकडे बघत होती. डावा हात पुढे घेऊन तिनं लिहिलं. डबा म्हणाला, "बतन दे."

"बर्तन?" नव्या म्हणाली. "आई, बर्तन पाहिजे?" आणि ती आतून स्टीलचं पातेलं घेऊन आली. वसंतानं मान हलवली. परत, "बतन दे." मग नव्याला वाटलं मोरीला जायचं असेल, म्हणून पलंगाखालचं भांडं काढलं. वसंतानं कीबोर्डवर बोट ठेवलं, त्या मेलेल्या बटणावर, आणि दाबत राहिली. दाबत राहिली. नव्यानं हळूच तिचं बोट उचलून बाजूला केलं. "आई, त्याची आता काळजी नको हं. ते बंद आहे." अगदी लहान मुलाशी बोलावं तसं.

बटण. बटण दे म्हणत होती ती. ट नाही आणि ण नाही तर बटण कसं लिहायचं?

मग एकदा दुपारी तिला तहान लागली. तिनं लिहिलं, डबा म्हणाला, "पानी दे." अनुषा तिथंच खेळत होती. ती तांब्या हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पानी नव्हे आजी, पाणी. जीभ वर लाव." पोरीचा दोष नाही, तिला वाटलं आजीचा खेळ आजीबरोबर खेळतेय. वसंतानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. त्यानंतर ती पाण्यासाठी नुसतं बोट दाखवायची. सकाळचं विठ्ठलाचं नावही बंद झालं. मी शशांकला म्हटलं, अरे, ती देवावर रुसली का? तो म्हणाला, "मावशी, थकते ती आता." वित्थल लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं तिनं ठरवलं असणार. मी ओळखते ना तिला.

तिचं बोलणं कमी झालं. डबा हो म्हणायचा, नको म्हणायचा, बस म्हणायचा. घरातले म्हणायचे, आई शांत झाली. अय्यो, वसंता आणि शांत. त्यावर माझासुद्धा विश्वास बसला, तर बाकीच्यांना काय बोलू?

मग तो दिवस. मी नव्हते, नव्याकडून ऐकलेलं सांगते. संध्याकाळी वसंता खुर्चीत अस्वस्थ झाली. उजवा लुळा हात ती नेहमी डाव्या हातानं छातीशी धरून बसायची, त्यामुळे हात छातीवर आहे याचं कुणाला काही वाटलं नाही. चेहरा उतरलेला दिसला म्हणून शशांक तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "आई, काय होतंय? डॉक्टरकडे जाऊ या का?" तिनं लॅपटॉपकडे मान केली. त्यानं तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तीन बटणं दाबली. डबा म्हणाला, "कल."

"कल? उद्या जाऊ या म्हणतेस?"

तिनं मान जोरात हलवली. ती हो होती की नाही होती, मानेचा कल आजारानंतर एकाच बाजूला होता, कळायचं नाही. परत दाबलं. "कल. कल."

"बरं बरं, उद्या. सकाळी पहिल्यांदा तेच करू. रजा टाकतो मी." आणि त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे केले, गॅस असेल म्हणून सोड्याचं पाणी दिलं, आणि तिला निजवलं.

उजाडता उजाडता ती घामानं निथळत होती. हॉस्पिटलात नेलं. हृदयाचा झटका, आणि तोही आदल्या संध्याकाळपासूनचा. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, "निन्नेच आणायचं होतं." कालच आणायचं होतं.

मला फोन आला तशी मी दुकान उघडं टाकून गेले. शशांक बाहेरच्या बाकावर बसला होता, मांडीवर तो लॅपटॉप, तिच्या कीबोर्डसकट. आई शुद्धीवर आली तर बोलेल म्हणून बायकोनं घरून आणलेला. मला बघून म्हणाला, "मावशी, मी विचारलं होतं तिला. तीच म्हणाली उद्या जाऊ. बघा, लिहिलंय." पडद्यावर तसंच होतं. कल. कल. कल.

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "उद्या म्हणाली? हे उद्या आहे? अरे, तुझी आई कधी घरात कल म्हणाली? हिंदी बोलली ती कधी तुझ्याशी? उद्या म्हणायचं असतं तर उद्या लिहिलं नसतं का?"

मग त्यानं तिथंच उद्या लिहून पाहिलं. सगळी छोटी अक्षरं. लगेच उमटलं. उद्या लिहायला कॅप्स लॉक लागतच नाही.

मग त्यानं परत लिहिलं, के, ए, एल. कल. आणि त्याचं बोट आपोआप त्या मेलेल्या बटणाकडे गेलं. दाबलं. काही झालं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला समजत होतं ते मला दिसत होतं, एकेक करून. टुंई टुंई का वाजायचं. एका वाक्यात आठ-आठ वेळा का. बतन काय होतं.

"कळ," तो म्हणाला. "मावशी, कळ म्हणत होती ती."

आमच्या आजोबांच्या तोंडी कळ म्हणजे दुखणंही होतं आणि दाबायचं बटणही. एक बंद केली आणि दुसरी कुणाला कळली नाही. मी त्याला मारायला हात उचलला होता, खोटं कशाला बोलू. पण तो बाकावरून खाली सरकून फरशीवर बसला आणि माझ्या पदरात तोंड घालून रडायला लागला, तसा तो हात त्याच्या डोक्यावर पडला.

कीर्तनामॅडम आली. सगळं ऐकून तिचेही डोळे भरले. ती म्हणाली, दुसरी एक सोय असते, शिफ्ट एकदा दाबून सोडली की पुढचं एक अक्षर मोठं येतं, धरून ठेवावी लागत नाही. म्हणजे हे बटण बंद करूनही भागलं असतं. फक्त तिला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, बाई, आता ही विद्या कुणाला सांगतेस? पण तिची तरी काय चूक? शशांकनं तिथंच तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि बटण दाबून पाहिलं. वर सूर. परत दाबलं. खाली सूर. केवढा तो बारीक आवाज. घरात डोकं उठवत होता म्हणे.

दुपारी तिनं डोळे उघडले. आत जाऊ दिलं आम्हाला. तोंड राखेसारखं झालं होतं, पण डोळे तिचेच. शशांकनं लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि कीबोर्ड तिच्या डाव्या हाताखाली सरकवला. "आई, बटण चालू केलं," एवढंच म्हणाला.

तिनं बोट नेलं आणि आधी तेच बटण दाबलं. उंच सूर वाजला. परत दाबलं, खालचा वाजला. तिनं डोळे मिटले आणि ऐकल्यासारखं केलं. मी मनात म्हटलं, विठ्ठलाचं नाव लिहील आता, किती दिवसांचं राहिलंय.

तिनं ते लिहिलं नाही. हळूहळू, एकेका अक्षराला थांबत, तिनं ब दाबला, काना दाबला. मग बोट त्या बटणावर गेलं. उंच सूर. मग खूप वेळ बोट हवेत थरथरत राहिलं. शशांक मदत करायला पुढे झाला, मी त्याचं मनगट धरून त्याला मागे ओढलं. म्हटलं, सुम्ने, गप उभा राहा, तिचं तिला करू दे. बोट खाली आलं.

डबा म्हणाला, "बाळ."

शशांक वाकला आणि तिच्या हातावर डोकं ठेवून बसला. आम्ही दोघी, मी आणि नव्या, खालच्या सुराची वाट बघत होतो, कारण ती कधी विसरत नसे, सूर मिळाल्यापासून एकदाही विसरली नव्हती. बोट त्याच अक्षरावर होतं, आणि पडद्यावर ळ च्या मागे ळ, ळ च्या मागे ळ उमटत चालला होता. नर्स धावत आली तेव्हा मला समजलं.

तिला घेऊन जायची वेळ झाली तेव्हा शशांकनं लॅपटॉप उचलला. कीबोर्डवरचा तो छोटा दिवा तसाच लागलेला होता. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, बंद करू का?"

"आईला विचार," मी म्हणाले. त्यानं बोट काढून घेतलं.